चेहऱ्यावरून हजेरी: थ्रेशोल्ड किती ठेवायचा आणि एम्बेडिंग कुठे ठेवायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटच्या गेटवर मी रास्पबेरी पायवर चालणारी हजेरी बसवली. माणसं बासष्ट, शिफ्ट दोन, आणि गार्डची केबिन टिनाची. नंतर नागपुरातल्या इतर युनिटवाल्यांनी फोन करून जे विचारलं, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. खाली जे आकडे येतात ते त्याच गेटवरचे आहेत. तुमच्या गेटवर ते वेगळे निघतील, आणि अर्धं सांगणं तेच आहे.

सामान काय लागतं?

पाय 4 किंवा 5, पायचा कॅमेरा, एक छोटा पडदा आणि पांढरी एलईडी पट्टी. चेहरा शोधायला ओपनसीव्हीमधलं युनेट आणि ओळखायला एसफेस. दोन्हींच्या मॉडेलच्या फाइली ओपनसीव्ही झूमध्ये तयार मिळतात आणि एकदा उतरवल्या की इंटरनेटशिवाय चालतात. आमच्या पाय 4 वर सेकंदाला चार-पाच फ्रेम निघतात, गेटसाठी तेवढ्या पुरतात.

```python
import cv2, numpy as np
det = cv2.FaceDetectorYN.create("face_detection_yunet_2023mar.onnx", "", (640, 480), 0.9)
rec = cv2.FaceRecognizerSF.create("face_recognition_sface_2021dec.onnx", "")

_, faces = det.detect(img)          # चेहरा नसेल तर None
f = rec.feature(rec.alignCrop(img, faces[0])).flatten()
f = f / np.linalg.norm(f)           # 128 आकडे
```

घड्याळाचं मात्र आधी बघा. पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली, परत आली आणि नेट नसेल, तर तो जुन्याच वेळेपासून मोजायला लागतो. सातची हजेरी पहाटे तीनची पडली की मस्टरवाल्या बाई तुम्हाला शोधत येतात. डीएस3231चं छोटं मॉड्यूल लावा. पाय 5 मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

एम्बेडिंग म्हणजे नेमकं काय? तो फोटोच असतो का?

फोटो नाही. मॉडेल चेहऱ्याचे 128 आकडे काढतं. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळजवळ एकाच दिशेला झुकतात, वेगळ्या माणसांचे वेगळ्या दिशेला. ती जवळीक कोसाइनने मोजतात. वरच्या कोडप्रमाणे लांबी एकवर आणली की नुसता गुणाकार करून बेरीज घ्यायची, स्कोअर हाती येतो. प्रत्येक माणसाचे पाच फोटो घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि पुन्हा लांबी एकवर आणायची. ही झाली त्याची नोंद. सकाळी गेटवर आलेल्या चेहऱ्याचा स्कोअर सगळ्या बासष्ट नोंदींशी काढला जातो. किती स्कोअरला ‘हो, हाच तो’ म्हणायचं, तो आकडा म्हणजे थ्रेशोल्ड.

ओपनसीव्हीने थ्रेशोल्ड 0.363 दिलाय. तोच ठेवला तर काय बिघडतं?

हा आकडा एलएफडब्ल्यू या फोटोसंचावरून आला आहे. तिथे प्रश्न असतो: हे दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का? जोडी समोर ठेवायची आणि हो की नाही एवढंच सांगायचं. गेटवरचा प्रश्न वेगळा आहे: या बासष्टांपैकी हा कोण? म्हणजे एकेका चेहऱ्यामागे बासष्ट तुलना होतात आणि चूक व्हायला बासष्ट संधी मिळतात.

आम्ही दोन आठवडे गेटवरचे फोटो घेतले, माणशी वीस, एकूण 1,240. प्रत्येक फोटो बाकीच्या 61 नोंदींशी ताडला, म्हणजे 75,640 परक्या तुलना झाल्या. 0.363 वर त्यातल्या 227 तुलनांनी चुकून ‘हो’ म्हटलं. टक्केवारीत हे 0.3 आहे, ऐकायला झकास. पण यादीत नसलेला माणूस गेटवर उभा राहिला तर बासष्ट नोंदींपैकी किमान एक त्याला ‘आपला’ म्हणेल, याची शक्यता अशी निघते:

```
1 - (1 - 0.003)^62 ≈ 0.17
```

शंभर परक्यांतले सतरा कुणाच्या तरी नावावर आत जातील. नोंदी एकमेकींपासून अगदी स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण किती मोठी भानगड आहे ते त्यातून कळतं.

गंमत म्हणजे ही चूक रोजच्या वापरात दिसतच नाही. यादीतला माणूस आला की त्याचा स्वतःचा स्कोअर 0.65 येतो, दुसऱ्या कुणाशी 0.38 येतो, आणि मोठा आकडा जिंकतो. सगळं सुरळीत वाटतं. चूक उघडी पडते ती दोनच वेळा: माणूस यादीत नसतो तेव्हा, किंवा त्याचा स्वतःचा स्कोअर काही कारणाने घसरलेला असतो तेव्हा.

रांग लागते म्हणून थ्रेशोल्ड खाली आणला तर?

हे मी स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फेब्रुवारीत सकाळी सातच्या शिफ्टला गेटवर रांग लागायची. ओळखच होत नव्हती. गार्ड वैतागला, सुपरवायझरचा फोन आला, ‘भाऊ, काहीतरी करा, पोरं बाहेरच उभी आहेत.’ मी घरूनच थ्रेशोल्ड 0.30 केला. रांग संपली आणि मला शाबासकी मिळाली.

महिन्याच्या शेवटी एक हेल्पर पगाराची चिठ्ठी घेऊन आला. नवीन होता, सोमवारी लागला, चेहऱ्याची नोंद गुरुवारी झाली. मधल्या तीन दिवसांचा त्याचा खाडा पडला होता. तो म्हणाला, मी रोज मशीनसमोर उभा राहिलो, रोज हिरवी खूण आली. खरंच आली होती. त्याच तीन दिवसांत सुट्टी टाकून गावी गेलेल्या एका वेल्डरची हजेरी पडलेली सापडली. लॉगमध्ये स्कोअर होते 0.33, 0.31 आणि 0.34. पडद्यावर मी फक्त हिरवी खूण दाखवत होतो, नाव नाही. त्यामुळे आपण दुसऱ्याच्या नावावर आत जातोय हे त्या पोराला कळायला मार्गच नव्हता.

0.30 वर आमच्या त्याच फोटोंत 1,050 परक्या तुलना पास होतात, म्हणजे 1.4 टक्के. वरच्या सूत्रात हा आकडा घातला की 58 टक्के येतात. यादीत नसलेल्या दोघांपैकी एक जण आत, इतकं साधं गणित होतं ते.

आणि रांगेचं खरं कारण थ्रेशोल्ड नव्हतंच. गेट पूर्वेकडे तोंड करून, कॅमेरा आतून बाहेर बघणारा. सातला सूर्य बरोबर माणसाच्या डोक्यामागे असायचा आणि चेहरा काळा पडायचा. त्याच माणसांचे दुपारी तीनचे स्कोअर बघितले तेव्हा लक्षात आलं: दुपारी 0.62 आणि सकाळी 0.39. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर नेला, समोरून एलईडी पट्टी लावली, सकाळचे स्कोअर 0.58 च्या आसपास आले. मग थ्रेशोल्ड वर नेता आला.

तेव्हा ओळख बिघडली की आधी तासागणिक स्कोअर काढून बघा. ठरावीक वेळीच घसरत असतील तर उजेडाची भानगड आहे. ठरावीक माणसाचेच घसरत असतील तर त्याची नोंद जुनी किंवा खराब आहे. सगळ्यांचे सगळ्या वेळी घसरले असतील तर कॅमेऱ्याच्या काचेवर बोट फिरवून बघा. ग्राइंडिंगची धूळ असते.

मग आकडा ठरवायचा कसा?

आपल्याच गेटवरचे फोटो घ्या आणि दोन याद्या बनवा: स्वतःशी आलेले स्कोअर आणि परक्यांशी आलेले स्कोअर. मग वेगवेगळ्या थ्रेशोल्डवर दोन गोष्टी मोजा, किती आपले अडले आणि किती परके घुसले. आमच्याकडे 0.45 वर 1,240 पैकी 36 आपले फोटो अडले, म्हणजे सुमारे तीन टक्के. परक्या तुलना पास झाल्या 38, पण त्यातल्या 31 एकाच जोडीच्या होत्या. ते दोघे सख्खे भाऊ, त्यांच्याकडे पुढे येतो. ते सोडले तर उरल्या सात, म्हणजे यादीबाहेरचा माणूस घुसण्याची शक्यता दोनशेत एकाच्या जवळपास. 0.50 वर परकी तुलना एकच उरली, पण अडलेले आपले फोटो 94 झाले.

आम्ही 0.45 घेतला, कारण तीन टक्के अडणं ही एका फ्रेमची गोष्ट आहे. माणूस कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद उभा राहतो, तेवढ्यात आठ-दहा फ्रेम मिळतात. तीन फ्रेममध्ये तेच नाव आलं तर हजेरी लावायची. मान वळलेली, डोळा मिटलेला असे फोटो त्यात आपोआप गळतात. उलट बाजूने मात्र फ्रेम वाढवून सुरक्षा तितकी वाढत नाही. ज्याचा चेहरा दुसऱ्यासारखाच आहे तो तिन्ही फ्रेममध्ये सारखाच दिसणार.

दुसरी अट पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या अंतराची:

```python
s = T @ f                       # T: 62 नोंदी, प्रत्येकी 128 आकडे
o = np.argsort(s)[::-1]
ok = s[o[0]] >= 0.45 and s[o[0]] - s[o[1]] >= 0.06
```

एक सावधगिरी. 75,640 तुलना म्हणजे भरपूर पुरावा वाटतो, पण मागे माणसं बासष्टच आहेत, आणि त्यांच्या वेगळ्या जोड्या 1,891. एकाच जोडीचे चाळीस फोटो ताडले म्हणून चाळीस नवे पुरावे होत नाहीत. ‘आमच्याकडे दहा हजारात एक चूक’ असं मालकाला छातीठोक सांगू नका.

आणि माणसं वाढली की पुन्हा मोजा. बासष्टला जो आकडा चालला तो दोनशे माणसांना ढिला पडतो.

सख्खे भाऊ, जुळे यांचं काय?

आमच्या दोन भावांचा एकमेकांशी स्कोअर 0.44 ते 0.52 यायचा आणि स्वतःशी 0.60 च्या पुढे. उजेड चांगला असेल तर बरोबर ओळख व्हायची. थोरल्याने दाढी वाढवली आणि त्याचे आकडे धाकट्याजवळ सरकले. अंतराची अट इथे कामी येते: दोघांत 0.06 चा फरक नसेल तर मशीन नाव घेत नाही, पिन मागतं. त्या दोघांना कायमचाच पिन दिलाय. त्यांच्यासाठी सगळ्यांचा थ्रेशोल्ड 0.55 करणं म्हणजे दोघांच्या पायी साठ जणांना रांगेत उभं करणं.

उन्हाळ्यात दुपट्टा बांधून येतात, तेव्हा?

नागपूरच्या मे महिन्यात डोकं-तोंड बांधल्याशिवाय कुणी गाडी चालवत नाही. नाक-तोंड झाकलेलं असेल तर ओळखायचा प्रयत्नच करू नका. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘दुपट्टा काढा’ लिहून द्या. बांधलेल्या चेहऱ्याची वेगळी नोंद करायचा मोह होतो, पण मग बांधलेले सगळेच एकमेकांसारखे दिसायला लागतात.

उन्हाळ्याचा दुसरा बळी म्हणजे पाय स्वतः. चिप 80 अंशांना पोचली की तो वेग कमी करायला लागतो. टिनाच्या केबिनमध्ये हे अकरा वाजताच होतं.

```
vcgencmd measure_temp
vcgencmd get_throttled
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर `0x0` आलं तर ठीक. दुसरं काही आलं तर तापमान किंवा वीजपुरवठा, दोन्ही तपासा. पंखा लावा, पण डबा कूलरच्या झोतात ठेवू नका. खसची ओल आणि लोखंडाची धूळ एकत्र आली की कनेक्टर गंजतात.

मोबाइलवरचा फोटो दाखवून कुणी फसवेल का?

साध्या कॅमेऱ्याला फसवेल. पापणी मिटवायला सांगणं व्हिडिओपुढे टिकत नाही. इन्फ्रारेड कॅमेरा आणि इन्फ्रारेड एलईडी लावले तर मोबाइलचा पडदा त्यात काळा दिसतो, कारण पडद्यातून इन्फ्रारेड जवळपास बाहेर पडत नाही. कागदावरचा फोटो मात्र त्यातूनही सुटू शकतो. आमच्याकडे गार्ड दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो, म्हणून आम्ही एवढ्यावर थांबलो. बिनगार्डच्या दारावर हे चालणार नाही.

नुसते आकडेच तर साठवतो. ते चोरीला गेले तर काय बिघडणार?

एम्बेडिंगवरून ओळखू येईल असा चेहरा परत घडवता येतो, हे संशोधकांनी करून दाखवलंय. हुबेहूब फोटो नसतो, पण त्याच मॉडेलला फसवायला पुरेसा असतो. शिवाय चोराला चेहरा घडवायचीही गरज नाही. हे मॉडेल सगळ्यांसाठी खुलं आहे. कुणाच्याही प्रोफाइलवरचा फोटो त्यात घालून तुमच्या चोरलेल्या यादीशी ताडला की हा माणूस कुठे कामाला आहे ते कळतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार?

मग पासवर्डसारखं हॅश करून ठेवूया ना?

जमत नाही. पासवर्ड दरवेळी अक्षर न् अक्षर सारखाच टाइप होतो, म्हणून त्याचा हॅश जुळतो. चेहऱ्याचे 128 आकडे दर फ्रेमला थोडे हलतात, आणि एक आकडा किंचित हलला तरी हॅश पूर्ण बदलतो. तुलना करायला मूळ आकडेच मेमरीत लागतात. म्हणून कार्डवर कूटबद्ध, उघडे फक्त मेमरीत.

```python
import os
from cryptography.hazmat.primitives.ciphers.aead import AESGCM

n = os.urandom(12)
aad = b"E017|sface-2021dec"
blob = n + AESGCM(key).encrypt(n, f.astype("float32").tobytes(), aad)
```

एक नोंद 540 बाइट, सगळी फॅक्टरी 33 केबीत. इथे `aad` ची ओळ बहुतेक जण गाळतात. फक्त कूटबद्ध केलं आणि नोंद कर्मचारी क्रमांकाशी बांधली नाही, तर ज्याला डेटाबेसमध्ये लिहिता येतं तो आपली नोंद उचलून दुसऱ्याच्या ओळीत ठेवू शकतो. एक अक्षरही न वाचता हजेरी फिरते. क्रमांक `aad` मध्ये असला की जागा बदललेली नोंद उघडतच नाही, एरर येते. मॉडेलचं नाव घालण्याचं कारण वेगळं: उद्या मॉडेल बदललं तर जुने आकडे नव्याशी जुळत नाहीत, आणि चुकून मिसळले तर स्कोअर निरर्थक येतात.

चावी कुठे ठेवायची?

त्याच मेमरी कार्डवर ठेवली तर कुलपाला चावी लावून ठेवल्यासारखं आहे. पायचं कार्ड नखाने निघतं. चोराला डबाही न्यावा लागत नाही.

आमची चावी ऑफिसातल्या संगणकावर आहे. पाय सुरू झाला की तो फॅक्टरीच्या आतल्या नेटवर्कवरून ती मागून घेतो आणि फक्त मेमरीत ठेवतो. मेमरीतला मजकूर कार्डवर सांडू नये म्हणून स्वॅप बंद:

```
sudo swapoff -a
```

ही आज्ञा पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते, सेटिंगमध्येही कायमचं बंद करा. चालू पायला कुणी हात घातला तर मेमरीतले आकडे वाचता येतात, ही मर्यादा राहतेच. ही सोय कार्ड किंवा डबा चोरीला जाण्यापुरती आहे.

आकडे एकदा फुटले तर सगळ्यांची नोंद पुन्हा करावी लागेल?

त्यासाठी एक छोटी सोय करून ठेवता येते. 128 आकड्यांना एका गुप्त फिरवणीच्या मॅट्रिक्सने गुणून साठवायचं, आणि गेटवरचा चेहराही त्यानेच गुणायचा. फिरवल्याने कोन बदलत नाहीत, त्यामुळे स्कोअर आणि थ्रेशोल्ड तेच राहतात. पण चोरलेल्या यादीशी बाहेरचा फोटो थेट ताडता येत नाही, आणि मॅट्रिक्स बदललं की जुनी यादी या गेटवर निरुपयोगी होते. माणसांना पुन्हा बोलवावं लागत नाही, आपल्याकडच्या नोंदी जुन्यातून नव्यात फिरवता येतात.

हे कूटबद्धतेच्या जागी वापरू नका. 128 जणांचे मूळ आणि फिरवलेले आकडे दोन्ही कुणाच्या हाती लागले तर साध्या समीकरणांनी मॅट्रिक्स निघतं.

नोंद करतानाचे फोटो जपून ठेवू का?

आम्ही ठेवत नाही. मॉडेल बदललं तर पुन्हा सगळ्यांना उभं करावं लागेल, बासष्ट जणांना अर्धा दिवस. तो अर्धा दिवस मला परवडतो. थ्रेशोल्डसाठी घेतलेले 1,240 फोटोही मोजणी झाल्यावर पुसले. ‘ओळख न पटलेले चेहरे’ असं फोल्डर तर मुळीच नको, त्यात पाणीवाला, कुरिअरवाला, सगळे येतात. लॉगमध्ये वेळ, क्रमांक आणि पहिले दोन स्कोअर एवढंच ठेवा. त्या हेल्परचं प्रकरण तेवढ्यावरच सुटलं.

एखाद्याने चेहरा द्यायला नकार दिला तर?

कार्ड किंवा सहीचा रजिस्टर द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संमती मोकळेपणाने दिलेली असावी असं म्हटलंय, आणि दुसरा मार्गच नसेल तर ती मोकळी कशी? आमच्याकडे या बासष्टांशिवाय दोघे कार्डवर आहेत. नोटीस मराठी आणि हिंदीत लावली, कारण अर्धी पोरं छिंदवाडा-बालाघाटकडची आहेत. सतराव्या वर्षातल्या शिकाऊ पोराचा चेहरा मात्र पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नका, कायद्याने अठराच्या आतला तो मूलच आहे.

रात्री लाइट गेली आणि ऑफिसचा संगणक बंद असेल तर चावी कोण देणार?

कोणी नाही. पाय सुरू होतो, चावी मागतो, पडद्यावर ‘रजिस्टरमध्ये सही करा’ दाखवतो आणि दर मिनिटाला पुन्हा मागत राहतो. रात्रपाळीच्या गार्डला हे आवडत नाही. ‘चावी पेनड्राइव्हवर द्या, मी लावतो,’ असं त्याने दोनदा सुचवलं. नाही म्हटलं. तो पेनड्राइव्ह आठवडाभरात पायच्याच डब्यावर दोरीने बांधलेला सापडला असता. ऑफिसचा संगणक इन्व्हर्टरवर घेतला, आणि केबिनमध्ये खिळ्याला रजिस्टर अडकवलंय, दोरीला बांधलेल्या पेनासकट.